कापड आधी, चित्र नंतर

मोबाईलच्या पडद्यावर एका ब्लाऊजची पाठ दिसते आहे. वांगी रंगाचं रेशीम, खोल गोल गळा, आणि गळ्याच्या कडेनं जरीचा काठ अलगद वळत दोन्ही खांद्यांपर्यंत गेलेला. कुठं चुणी नाही, कुठं जोड नाही. बाह्यांना भरपूर फुगा, आणि फुग्याच्या खाली पुन्हा तोच काठ. बघताक्षणी कुणालाही आवडावा असा हा ब्लाऊज अजून कुणी शिवलेला नाही, आणि साडीतून निघालेल्या ब्लाऊजपीसमधून तो शिवताही येणार नाही. चित्र मोबाईलमधल्या एआयनं काढलेलं आहे.

आपली गोष्ट मिरजेतल्या एका बोळात घडते. तिथं एक बाई ब्लाऊज शिवतात. अख्खा बोळ त्यांना वहिनी म्हणतो, आपणही तेच म्हणू. दोन मशीन, एक डमी, कापायचं लाकडी टेबल, भिंतीला टांगलेल्या पिशव्या आणि प्रत्येक पिशवीला टाचणीनं लावलेली मापाची चिठ्ठी, एवढंच त्यांचं दुकान. शिवायच्या आधी गिऱ्हाइकाला ब्लाऊजचं चित्र काढून दाखवायचं, अशी पद्धत त्यांनी अलीकडं सुरू केली आहे.

खरं तर चित्र बघून गळा ठरवणं ही नवी गोष्ट नाही. टेलरच्या दुकानात गळ्यांचे अल्बम असायचे, पानांचे कोपरे दुमडलेले आणि आवडत्या गळ्यावर पेनानं खूण केलेली. पुढं गिऱ्हाइकं मालिकेतल्या नाहीतर कुणाच्या लग्नातल्या ब्लाऊजचा फोटो मोबाईलवर आणू लागली. या दोन्हींमध्ये एक हमी होती. अल्बममधला गळा कुणीतरी, कुठंतरी शिवलेला होता. वहिनींना तो जमेल की नाही हा प्रश्न असायचा, पण तो शिवता येतो की नाही हा प्रश्न नसायचा. एआयच्या चित्रानं ही हमी काढून घेतली. वहिनींच्या कामात जो बदल झाला, तो इथून सुरू होतो.

त्यासाठी हे चित्र बनतं कसं ते थोडं समजून घ्यायला हवं. 2022 साली शब्दांवरून चित्र काढणारी साधनं सर्वसामान्य लोकांच्या हातात आली. त्यातलं ‘स्टेबल डिफ्यूजन’ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. या पद्धतीत संगणकाला मजकूर जोडलेले प्रचंड संख्येनं फोटो दाखवतात. प्रत्येक फोटोवर थोडे थोडे ठिपके पसरवत तो पार पुसट करतात, आणि ते ठिपके काढून मूळ फोटो परत कसा मिळवायचा हे संगणकाला शिकवतात. एकदा तो हे शिकला, की त्याला नुसती ठिपक्यांची खिचडी द्यायची आणि सोबत ‘वांगी रेशमी ब्लाऊज, गोल गळा’ असे शब्द द्यायचे. तो त्या खिचडीतून पायरीपायरीनं ब्लाऊज उलगडत नेतो. अमुक शब्दांच्या फोटोत कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग असतो आणि कुठं सावली पडते, हे त्याला चांगलं ठाऊक असतं. पण कापडाला उभा धागा आणि आडवा धागा असतो, ते एवढंच आणलेलं असतं, आणि ते कापून जोडावं लागतं, यातलं काही त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्यानं ब्लाऊज नुसते पाहिले आहेत, उसवून एकही बघितलेला नाही.

गोल गळ्याभोवतीचा तो काठ नेमका याच कारणानं इतका सहज वळतो. ब्लाऊजच्या फोटोंमध्ये गळ्याभोवती आरी वर्क, जरदोसी, टिकल्यांची नक्षी असे प्रकार भरपूर असतात. भरतकाम सुईनं होतं आणि सुईला हवं तसं वळता येतं. पैठणीचा काठ मात्र मागावर विणलेला, उभ्या धाग्यात सरळ जाणारा. चित्राच्या दृष्टीनं दोन्ही म्हणजे गळ्याजवळची सोनेरी पट्टी. त्यामुळं विणलेला काठ तिथं भरतकामासारखा वळून मोकळा होतो.

कागदावर हिशेब केला तर अडचण लगेच दिसते. गळ्याची रुंदी पाच इंच धरा आणि खालचा भाग अर्धगोल. त्या अर्धगोलाची आतली कड साधारण आठ इंच भरते. काठ अडीच इंच रुंद असेल तर त्याची बाहेरची कड भरते जवळजवळ सोळा इंच, म्हणजे दुप्पट. काठाची पट्टी तर दोन्ही कडांना सारख्याच लांबीची असते. आतल्या कडेला धरून बसवली तर बाहेरची कड ताणून फाटायची वेळ येते, बाहेरच्या कडेला धरली तर आत आठ इंचांच्या चुण्या गोळा होतात. तिरकी कापलेली उरेब पट्टी वळते, कारण तिरकं कापड ताणलं जातं. जरीचा सरळ काठ तसा ताणला जात नाही.

वहिनींना हे सगळं गणितात मांडायची गरज कधी पडली नाही. त्यांच्या बोटांना ते ठाऊक होतं. पण चित्र समोर आल्यावर ते गिऱ्हाइकाला समजावून सांगायची वेळ आली.

अशीच वेळ आणली एका काकूंनी आणि त्यांच्या लेकीनं. लेकीचं लग्न ठरलं होतं. वांगी रंगाची पैठणी, अडीच इंची नारळी काठ, आणि साडीतूनच कापलेला ब्लाऊजपीस. लेकीनं स्वतःच मोबाईलवर चित्र काढून आणलं होतं, सुरुवातीला सांगितलं तेच. 2025 च्या सप्टेंबरात स्वतःच्या फोटोवरून जुन्या सिनेमातल्या नायिकेसारखी साडी नेसलेली चित्रं बनवायची लाट आली, तेव्हापासून असल्या चित्रांचं कुणाला अप्रूप राहिलेलं नाही.

‘‘असाच्या असा पाहिजे वहिनी,’’ लेक म्हणाली.

वहिनींनी चित्राकडं नीट पाहिलंच नाही. त्यांनी ब्लाऊजपीस टेबलावर पसरला आणि टेप लावली. लांबी 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. पन्हा 45 इंच. दोन्ही कडांना काठ. म्हणजे हाताशी साडेएकतीस इंच लांबीचे दोनच काठ होते, त्याबाहेर काठाचं एक सूतही नाही.

‘‘बाह्या आधी काढू,’’ असं म्हणत त्यांनी खडूनं खुणा केल्या. कोपरापर्यंतची बाही दहा इंच उंच, वर शिवणीला एक इंच. खालची कड काठाचीच, म्हणून दुमडायला काही लागत नाही. घेर तेरा इंच आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीचे दोन, असे पंधरा. दोन बाह्यांचे झाले तीस. एका बाजूचा काठ साडेएकतीस इंच, त्यात बाह्या बसल्या आणि दीड इंच उरलं.

‘‘आता तुझा फुगा. फुग्याला चुण्या घालायच्या तर कापड निदान दीडपट लागतं. पंधराचे साडेबावीस. दोन बाह्यांचे पंचेचाळीस. काठ आहे साडेएकतीस. कुठनं आणू?’’

लेकीनं आईकडं पाहिलं. आईनं विचारलं, ‘‘दुसरं मॅचिंग कापड घेऊन?’’

‘‘घ्या की. पण त्याला हा काठ नसणार. आणि हा वांगी रंग दुकानात मिळाला तरी असा मिळायचा नाही.’’ वहिनींनी कापड उजेडात हलवून दाखवलं. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळं ते एका बाजूनं जांभळं आणि दुसऱ्या बाजूनं लालसर दिसत होतं. धूपछाव म्हणतात ते हेच. चित्रात त्यातला एकच रंग आला होता, कारण चित्र हलत नाही.

बाह्यांचे अकरा इंच गेल्यावर पन्ह्यातले चौतीस उरले. त्यातला पलीकडचा काठ बाजूला ठेवला तर अंगासाठी साडेएकतीस इंच रुंद आणि साडेएकतीस इंच लांब असा चौरस राहिला. ब्लाऊजची उंची चौदा, वर-खाली मिळून दीड इंच मार्जिन. साडेपंधराच्या दोन ओळी बरोबर बसतात. एका ओळीत पाठ, दुसरीत पुढचे दोन भाग. छाती छत्तीस असल्यामुळं रुंदीची अडचण नव्हती, उलट दोन्ही ओळींत थोडे तुकडे उरत होते आणि हुकपट्टीला ते लागणारच होते.

राहिला पलीकडचा एकटा काठ. मागच्या गळ्याला लावायला तेवढाच उरला होता.

इथं वहिनींनी स्वतःचा मोबाईल काढला. त्यांची पद्धत बहुतेक लोकांपेक्षा उलटी आहे. लोक आधी चित्र काढतात आणि मग तसं शिवून मागतात. वहिनी आधी कापड मोजतात, त्यात काय काय बसतं ते ठरवतात, आणि तेवढ्याचीच चित्रं काढतात. पहिल्या पहिल्यांदा त्याही नुसते शब्द लिहून चित्र मागवायच्या आणि ते फसायचं. एकदा त्यांनी ‘बाहीला फुगा नको’ असं लिहिलं, तर फुगा हमखास आला. बऱ्याच साधनांची ही खोड आहे. शब्द आला की ती वस्तू चित्रात येते आणि ‘नको’ मागच्या मागं राहून जातं. आता त्या ‘नको’ लिहीतच नाहीत, जे हवं ते लिहितात.

दुसरी सुधारणा जास्त महत्त्वाची होती. डमीवर त्या आपलाच एक साधा शिवलेला ब्लाऊज चढवून पुढून आणि मागून फोटो काढून ठेवतात. त्यावर गिऱ्हाइकाच्या कापडाचा फोटो जोडतात आणि साधनाला फक्त हवा तेवढाच भाग बदलायला सांगतात. नवी साधनं असं करू देतात, बाकीचं चित्र बऱ्यापैकी जागच्या जागी राहतं. त्या दिवशी त्यांनी लिहिलं ते असं:

‘पहिल्या फोटोतला ब्लाऊज दुसऱ्या फोटोतल्या कापडाचा दाखव. बाही कोपरापर्यंत, हाताला लागून सपाट. मागचा गळा चौकोनी, पाच इंच रुंद, साडेसहा इंच खोल. गळ्याच्या तिन्ही बाजूंना कापडाचा काठ सरळ पट्टीत, कोपऱ्यात तिरका जोड. पुढे मध्यभागी हूक.’

इंचांचा त्या चित्रावर फारसा परिणाम होत नाही, हे वहिनींना माहीत आहे. साधनाला साडेसहा इंच म्हणजे किती ते मोजता येत नाही, ‘बऱ्यापैकी खोल’ एवढंच समजतं. तरी त्या आकडे लिहितात, कारण तोच मजकूर नंतर पावतीवर उतरवायचा असतो.

चित्र आलं. वहिनींनी ते गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी स्वतः तपासलं. त्यांची नजर आधी हुकांवर जाते. याला कारण आहे. पूर्वी एका गिऱ्हाइकानं आणलेल्या चित्रात गळा मागून बंद, पुढून बंद आणि अंगाबरोबर घट्ट होता. ‘‘घालायचा कुठनं?’’ या वहिनींच्या प्रश्नावर दुकानातल्या सगळ्या बायका हसल्या होत्या, पण बाई रुसूनच गेल्या. चित्रकाराला हूक दाखवायची गरज वाटत नाही, कारण बहुतेक फोटोंत ते झाकलेलेच असतात. त्यानंतर वहिनी खांद्याची शिवण शोधतात. ती नसेल तर पुढचा भाग आणि पाठ अखंड कापडाचे धरले आहेत असं समजायचं. मग दोन बाह्या शेजारी ठेवून बघतात, कारण डाव्या बाहीचा काठ उजवीपेक्षा रुंद असणं ही नेहमीची गोष्ट आहे. शेवटी पुढचं चित्र आणि मागचं चित्र एकत्र धरतात. ही दोन चित्रं वेगवेगळी काढलेली असतात आणि पुष्कळदा ते दोन निराळे ब्लाऊज असतात. पुढं प्रिन्सेस कट आणि मागं त्याचा मागमूस नाही, पुढं खांदा रुंद आणि मागं अरुंद, असं काहीबाही निघतं.

या खेपेला चूक काठात होती. चित्र मोठं करून पाहिलं तर नारळीच्या जागी पान की कलश असं काहीतरी उमटलं होतं. वहिनींनी कापडाचा खरा काठ पडद्याशेजारी ठेवला. ‘‘नक्षी ही धरायची,’’ कापडावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ‘‘आणि जागा ती,’’ पडद्याकडं बोट गेलं. गिऱ्हाइकाला चित्र वाचायला शिकवण्याची ही त्यांची रीत आहे. चित्रातलं काय धरायचं आणि काय सोडायचं, हे त्या आधीच मोकळेपणानं सांगून टाकतात.

लेकीला चौकोनी गळा पटला नव्हता. ‘‘गोलच छान दिसत होता.’’

‘‘गोल करून देते, पण मग काठ लावता येणार नाही. गळ्याला काठासारखं आरी वर्क करून घे, ते वळतं. त्याचे पैसे वेगळे आणि कारागीर दुसरा.’’

वहिनींनी त्याचंही चित्र काढून दाखवलं, आणि तिसरं चित्र काढलं ते साध्या गोल गळ्याचं, काठ खाली कमरेला लावलेल्याचं. तिन्ही चित्रं त्या कापडातून होऊ शकणाऱ्या ब्लाऊजची होती. मला वाटतं, हे यंत्र वहिनींच्या खऱ्या उपयोगी पडलं ते इथं. चौकोनी गळ्याला काठ कसा दिसेल हे शब्दांत कितीही सांगितलं तरी त्या मुलीच्या डोळ्यांपुढं आलं नसतं. तिनं मान हलवली असती, आणि ब्लाऊज शिवून हातात पडल्यावर तिचा चेहरा पडला असता. शिवणकामातले निम्मे वाद असल्या हलवलेल्या मानेतून येतात.

काकूंनी वेगळंच काढलं. ‘‘हिचाच फोटो घालून बघूया का? अंगावर कसं दिसतं ते कळेल.’’

वहिनी ते करत नाहीत. एक कारण सरळ आहे. दुसऱ्यांच्या लेकीसुनांचे फोटो आपल्या मोबाईलवरून कुठल्या तरी कंपनीच्या संगणकावर पाठवायचे, हे त्यांना पटत नाही. दुसरं कारण धंद्याचं आहे. अशी साधनं अंगाचा फोटो घेतात खरी, पण पुष्कळदा कंबर थोडी बारीक करतात, दंड आवळतात, खांदे सरळ करतात, कारण ज्या फोटोंवरून ती शिकली त्यांत तशाच बायका जास्त होत्या. मग ब्लाऊज नीट बसला तरी बाई म्हणते, ‘‘चित्रात बरा दिसत होता.’’ त्या तक्रारीवर सुईदोऱ्यानं काही करता येत नाही. डमीवर चित्र दाखवलं तर निदान आपण अंग बघत नसून गळा बघतो आहोत, हे सगळ्यांच्या ध्यानात राहतं.

माप तर चित्रात नसतंच. मुंढा किती खोल घ्यायचा, एक खांदा उतरता आहे का, टक्स कुठं संपवायचे, हात वर केला की ब्लाऊज किती उचलला जातो, हे टेपवर आणि अंगावर ठरतं. खोल गळ्याचा ब्लाऊज खांद्यावरून घसरतो, चित्रातला कधीच घसरत नाही, तो जागीच चिकटलेला असतो. म्हणून वहिनी कच्ची शिलाई घालून एकदा अंगावर घालून बघायला लावतात. चित्र दाखवायला लागल्यापासून ही पायरी कमी झालेली नाही. गिऱ्हाइकांना मात्र वाटतं, की चित्र बघितलं, आता पुन्हा कशाला यायचं.

शेवटी लेकीनं चौकोनी गळा घेतला. वहिनींनी तिच्यासमोर उरलेला काठ मोजून दाखवला. गळ्याची खालची बाजू पाच इंच, पण काठ बाहेरच्या अंगाला पसरतो म्हणून बाहेरची कड दहा इंच. दोन उभ्या बाजू साडेसहाच्या, कोपरे धरून प्रत्येकी नऊ. असे अठ्ठावीस. तीन तुकड्यांची सहा टोकं, प्रत्येक टोकाला शिवणीचा अर्धा इंच, म्हणजे आणखी तीन. एकतीस झाले आणि काठ होता साडेएकतीस.

‘‘आणि गळा अजून एक इंच खोल केला तर?’’ तिनं विचारलं.

‘‘दोन्ही बाजूंना एकेक इंच जास्त लागेल. पुरणार नाही.’’

पावतीवर त्यांनी मापांच्या खाली लिहिलं: मागे चौकोनी, 5 बाय साडेसहा, काठ तीन बाजू, कोपरा तिरका, बाही सपाट, हूक पुढे, नक्षी कापडाप्रमाणे. चित्र काकूंच्या मोबाईलवर पाठवलं आणि त्यावर तोच पावती नंबर टाकला. मग कापडाच्या कोपऱ्याला चिठ्ठी टाचून ते पिशवीत गेलं.

काकूंनी जाता जाता विचारलं, ‘‘चित्राचे किती द्यायचे?’’

‘‘चित्राचं काय घ्यायचं? कोपऱ्यांचे घेणार. दोन कोपरे हातानं बसवायचे आहेत.’’

काकूंनी घासाघीस सुरू केली. लेक तोवर बाकावर बसून पदराच्या गोंड्यांची चित्रं काढत होती. वहिनींनी लांबूनच सांगितलं, ‘‘पदराचे दशे किती उरलेत ते आधी बघ, मग काढ.’’